१.५७ की १.६? हायड्रोपथी आलेखावरची ती रेषा पुसायची का?

अळूचं_फदफदं
एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला फळमाशीच्या शेकर पोटॅशियम चॅनलचा काईट-डूलिटल आलेख काढायचा होता. विंडो १९, म्हणजे एका वेळी एकोणीस अमिनो आम्लांची सरासरी; रेषा १.६, सरासरी तिच्यावर गेली की तुकडा पटलातला. पुस्तकात लिहिलंय की एस-१ ते एस-६ अशा सहा हेलिक्स पेशीच्या पटलातून आरपार जातात. माझ्या आलेखात त्यातल्या पाचच रेषेवर आल्या. एस-४ चं शिखर १.५७ ला अडकलं. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे मी वहीत गुपचूप ‘सहा’ लिहिलं आणि सही मिळवली. माझं मत सरळ आहे: १९८२ ची ही पद्धत अभ्यासक्रमातून काढून टाका. व्होल्टेज ओळखायचं काम ज्या एस-४ चं आहे, नेमकी तीच दिसत नसेल तर आलेख हवाय कशाला?

सदाफुली
हायड्रोपथी म्हणजे जलोपचारच ना? माझे आजोबा उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात कटिस्नान घेऊन आले होते, त्यांना फरक पडला होता. त्याचा आलेख कसा काढतात?

अळूचं_फदफदं
ताई, ते पाणी वेगळं. इथे प्रथिनातलं कोणतं अमिनो आम्ल पाण्यात रमतं आणि कोणतं पाण्यापासून पळतं ते बघतात.

सदाफुली
अच्छा. मग वाचत बसते, थांबवू नका.

तर्रीबाज
एवढं काय त्यात! विंडो १९ वरून ११ वर आण, एस-४ वर येईल. आम्ही कॉलेजात हेच करायचो. लांब विंडोत सगळं सपाट होतं, लहान विंडोत बारकावे दिसतात.

खारवलेलं_बफर
तर्रीबाज, वर येईल हे खरं. मी आत्ताच कागदावर मोजलं. ११ च्या विंडोत एस-४ चा सर्वांत चांगला तुकडा SLAILRVIRLV, त्याची सरासरी १.८९. पण तू रेषा तीच ठेवलीस आणि पट्टी बदललीस. हेलिक्समध्ये प्रत्येक अमिनो आम्लामागे दीड अँगस्ट्रॉम उंची मिळते. १९ घेतली तर साधारण साडेअठ्ठावीस अँगस्ट्रॉम, म्हणजे पटलाचा जो तेलकट गाभा आहे जवळपास तेवढी जाडी. ११ घेतलीस तर साडेसोळा, म्हणजे अर्ध्यातच संपलं. एवढा तुकडा पाण्यातल्या प्रथिनाच्या पोटातही जलविरोधी असतो, त्यामुळे तिथेही शिखरं उगवतात, आणि एकच लांब हेलिक्स कधी दोन शिखरांत फुटते. १.६ ही रेषा १९ च्या विंडोसाठी ठरलेली आहे. ती ११ ला लावणं म्हणजे किलोच्या मापाने लिटर मोजणं.

आता मूळ धाग्याबद्दल. अळू, तुझा १.५७ बरोबर आहे. तो या तुकड्याचा आहे:

```
AMSLAILRVIRLVRVFRIF
```

यात R म्हणजे आर्जिनिन, काईट-डूलिटलच्या कोष्टकात उणे ४.५, सगळ्यांत तळाला. असे चार आहेत. त्यांचे उणे अठरा भरून काढायला आयसोल्युसिन (४.५), व्हॅलिन (४.२) आणि ल्युसिन (३.८) यांनी जिवाचा आटापिटा केलाय. एकूण बेरीज २९.८, भागिले १९. विंडो तीन घरं पुढे सरकवलीस तर शेवटी लायसिन आत येतो आणि आकडा १.३७ वर घसरतो.

आता एक गंमत कर. हीच एकोणीस अक्षरं पिशवीत घालून हलव आणि हवी तशी मांड. सरासरी १.५७ च येईल. पण एस-४ मधले आर्जिनिन मनाला येईल तसे पसरलेले नाहीत, दर तिसऱ्या जागी एक आहे. हेलिक्सवर एका अमिनो आम्लामागे १०० अंशांचा फेरा पडतो, तीनमागे ३००, म्हणजे प्रत्येक आर्जिनिन आधीच्यापेक्षा ६० अंशांनी मागे सरकलेला. सगळे मिळून हेलिक्सभोवती फिरत जाणारी धनभाराची पट्टी तयार करतात. १९८६ मध्ये कॅटरॉल यांनी, आणि स्वतंत्रपणे गाय व सीतारामुलू यांनी, सोडियम चॅनलमधली एस-४ पटलात बसवली आणि व्होल्टेज बदललं की ती सरकते असं मांडलं, ते या पट्टीकडे बघून. सरासरीकडे बघून नव्हे. आलेखात ही माहिती उरतच नाही, तो क्रम विसरतो. तेव्हा ‘दिसत नाही’ ही तक्रार मान्य. ‘काढून टाका’ मात्र मान्य नाही.

कट_ऑफ_काका
मला मात्र धागाकर्त्याचं पटतं. आज कोणी हातात कंदील घेऊन रस्ता शोधत नाही. पटलातल्या हेलिक्स ओळखणारं टीएमएचएमएम सॉफ्टवेअर २००१ चं, तेही आता जुनं म्हणायचं, पण त्यात नुसती सरासरी नाही. हेलिक्स किती लांब असतात, कोणत्या बाजूला लायसिन-आर्जिनिन जास्त येतात, हे सगळं प्रतिमानात घातलंय. फोन हाइनेंचा ‘धनभार आतल्या बाजूला’ हा नियम आलेखात कुठे आहे? आलेख फार तर हेलिक्स मोजेल, प्रथिनाचं कोणतं टोक पेशीच्या आत आणि कोणतं बाहेर ते सांगणार नाही. मुलांना दोन तास विंडो सरकवायला लावण्यापेक्षा ते शिकवा.

खारवलेलं_बफर
आत-बाहेरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण काका, टीएमएचएमएम हेलिक्सवर शिकलेलं आहे. हेलिक्स सोडून दुसरं काही पटलात असू शकतं हे त्याच्या गावीही नाही.

गोदाकाठची_सुगरण
यावर माझीच फजिती सांगते, पीएचडीच्या पहिल्या वर्षातली. कोणाचं नाव घेत नाही, चूक माझीच होती. ई. कोलाय जिवाणूच्या ओम्प-एफ प्रथिनाचं सीक्वेन्स घेतलं, आलेख काढला. सगळीकडे शून्याच्या खाली-वर घोळणारी रेघ आणि अगदी सुरुवातीला एकच डोंगर, १.८ च्या आसपास. मी प्रेझेंटेशनमध्ये ठोकून दिलं: एक हेलिक्स पटलात रुतलेली, बाकी प्रथिन पाण्यात.

दोन्ही वाक्यं चूक. तो डोंगर म्हणजे बावीस अमिनो आम्लांचं सिग्नल पेप्टाइड, MMKRNILAVIVPALLVAGTANA. प्रथिन आतल्या पटलापलीकडे पोचलं की ते कापून टाकलं जातं, तयार प्रथिनात नसतंच. आणि उरलेलं ‘पाण्यातलं’ प्रथिन बाहेरच्या पटलात सोळा बीटा पट्ट्यांचं पिंप करून बसलेलं. १९९२ पासून त्याची रचना माहीत होती, मी बघितली नव्हती. पट्टीत एक अमिनो आम्ल तेलाकडे, पुढचं पाण्याने भरलेल्या छिद्राकडे, परत तेलाकडे. अधिक आणि उणे एकमेकांना खातात, सरासरी सपाट. आता माझी सवय अशी: पहिल्या तीसेक अमिनो आम्लांत एकटंच शिखर दिसलं, त्याच्या आधी दोन-तीन लायसिन-आर्जिनिन असले, की हेलिक्स मोजायच्या आधी सिग्नल पेप्टाइड आहे का ते तपासते.

पण माझं मत काकांच्या उलट आहे हं. आलेख हाताने काढलेला होता म्हणून मी कुठे चुकले ते मला नंतर बोट ठेवून दाखवता आलं. सॉफ्टवेअरने ‘एक हेलिक्स’ म्हटलं असतं तर मी नुसती मान डोलावली असती.

तर्रीबाज
मग रेषाच १.५ वर आणा ना. एस-४ पण पास, सगळे खूश.

खारवलेलं_बफर
शेकरसाठी पास. पुढच्या प्रथिनात कोण घुसेल ते बघायला तू येणार का? रेषा खाली आणलीस की खऱ्यांबरोबर खोटेही वर येतात. आणि आपण उत्तर बघून रेषा हलवतोय, हे अळूने वहीत ‘सहा’ लिहिण्यासारखंच झालं.

त्यापेक्षा एस-२ कडे बघा. तिचं शिखर मी मोजलं, १.६४. तीही काठावरच पास झालीय. कशामुळे? तिच्यात दोन ग्लुटामेट आहेत, २८३ आणि २९३ क्रमांकाचे, प्रत्येकी उणे ३.५. आणि हेच ऋणभार प्रत्यक्ष चॅनलमध्ये एस-४ च्या आर्जिनिनांसमोर येतात. म्हणजे एस-२ चं ओझं आणि एस-४ चं ओझं एकमेकांना हलकं करतं. आलेख मात्र प्रत्येक तुकडा एकट्याने तेलात ढकलल्यासारखा तोलतो आणि दोघींचे गुण कापतो. माझ्या मते या प्रॅक्टिकलचा खरा धडा इथे आहे, आणि तो उत्तर ‘पाच’ आल्याशिवाय मिळत नाही.

कट_ऑफ_काका
हे छान आहे, पण मग सरळ प्रयोगच बघा की. हेसा, व्हाइट आणि फोन हाइने यांनी २००५ मध्ये केव्हीएपी चॅनलची एस-४ दुसऱ्याच एका प्रथिनात, लीडर पेप्टिडेजमध्ये, घुसवली. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना साखर जोडली जाण्याची एकेक जागा. कुत्र्याच्या स्वादुपिंडातल्या मायक्रोसोममध्ये प्रथिन बनवलं. तुकडा पटलात अडकला तर एकाच जागी साखर लागते, आरपार निघून गेला तर दोन्ही जागी. जेलवर दोन पट्टे दिसतात, त्यांचं प्रमाण मोजायचं. एस-४ ला पटलात शिरायला लागणारी ऊर्जा जवळपास शून्य निघाली.

अळूचं_फदफदं
शून्य म्हणजे आरामात शिरते?

कट_ऑफ_काका
नाही रे. शून्य म्हणजे निम्मे रेणू पटलात, निम्मे पलीकडे. नाणेफेक.

गोदाकाठची_सुगरण
थांबा, मग १.५७ चुकीचं कसं म्हणायचं? जी हेलिक्स स्वतःच उंबरठ्यावर आहे, तिचं शिखर उंबरठ्यावर आलं. आलेखाने खरंच सांगितलं की!

खारवलेलं_बफर
मोह होतो, पण मी इतक्या लवकर टाळ्या वाजवणार नाही. एक म्हणजे केव्हीएपी आणि शेकर ही दोन वेगळी चॅनल, दोघांच्या एस-४ ची अक्षरं वेगळी. दुसरं, काईट-डूलिटलचे आकडे बऱ्याच अंशी पाणी सोडून वाफेत जाण्याच्या ऊर्जेवरून आणि विरघळणाऱ्या प्रथिनांत कोणती अमिनो आम्लं आत गाडली जातात यावरून बेतलेले. प्रथिनं पटलात शिरवणारा पेशीतला ट्रान्सलोकॉन काय करतो हे त्यांना विचारलेलंच नव्हतं. दोन काठ जुळले म्हणून नदी एकच असेल असं नाही.

गोदाकाठची_सुगरण
योगायोग म्हणायला मला जड जातंय. अर्धी तरी नदी एकच आहे, तेलच ते.

कट_ऑफ_काका
योगायोगच. दुसऱ्या कोष्टकाने मोजा, शिखर हलेल.

अळूचं_फदफदं
बरं, मग वहीत काय लिहू? सही तर झालीय.

खारवलेलं_बफर
‘सहा’ खोड. ‘पाच रेषेवर, एक १.५७’ लिही, आणि खाली त्या एकोणीस अक्षरांमधले चार आर्जिनिन लाल पेनने गोल कर.

सदाफुली
आणि परत सही घ्यायला लागली तर?

अळूचं_फदफदं
तीच तर भीती आहे, ताई.