मदत हवी आहे: निर्यातीच्या रिफंडमध्ये अंशात एफओबी, छेदात सीआयएफ. आरएफडी-०८ ला उत्तर काय द्यावं?

ओतीव_लोखंड

नमस्कार मंडळी. आमची लहान फाउंड्री आहे, मशीनिंग केलेली कास्टिंग जर्मनीला जातात. एलयूटीवर, म्हणजे आयजीएसटी न भरता निर्यात करतो आणि साचलेल्या आयटीसीचा रिफंड तिमाहीला मागतो. या वेळी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या अर्जावर आरएफडी-०८ आली आहे. उत्तराला पंधरा दिवस असतात, त्यातले बरेचसे आधीच गेले. सल्लागार गावाला गेलेत.

आकडे सोपे करून देतो. निर्यातीची इन्व्हॉइस सीआयएफ आहेत, एकूण ७२ लाख. शिपिंग बिलांवरचा एफओबी ६६ लाख. देशातली विक्री १४ लाख. तिमाहीचं निव्वळ क्रेडिट ८ लाख (एका मशीनचं दीड लाख वेगळं आहे, ते यात धरलेलं नाही). अर्जात ७२ भागिले ८६ करून ६,६९,७६७ मागितले होते.

नोटिशीत दोन मुद्दे आहेत. पहिला, निर्यातीची उलाढाल ६६ लाखच धरायची, पण एकूण उलाढाल ३बी प्रमाणे ८६ लाखच राहणार. म्हणून ६,१३,९५३ मंजूर करण्याचा आणि ५५,८१४ नाकारण्याचा विचार आहे. दुसरा, एका शिपिंग बिलाचं ईजीएम ऑनलाइन दिसत नाही. त्या बिलाचा एफओबी ५ लाख आहे. बिल ऑफ लेडिंग माझ्याकडे आहे, बोट गेली आहे, गिऱ्हाइकाला मालही मिळाला.

यातलं किती मान्य करायचं आणि किती लढायचं?

मसाला_निर्यात

आमचंही असंच अडकलं होतं. आइसगेटवर SB005 एरर येत होती, इन्व्हॉइस नंबरात एक शून्य कमी पडला होता. जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती केली आणि पैसे थेट बँकेत आले, अधिकाऱ्याकडे जावंही लागलं नाही. तुम्ही आरएफडी भरताच कशाला? शिपिंग बिल हाच अर्ज धरतात.

ओतीव_लोखंड

दादा, तुम्ही आयजीएसटी भरून निर्यात करता, तिथे शिपिंग बिल हाच अर्ज असतो. आमची एलयूटीवर आहे, त्यामुळे आरएफडी-०१ भरावाच लागतो.

मसाला_निर्यात

अच्छा, एलयूटी वाचायचं राहिलं. मग माझं सोडा.

खतावणी

अधिकारी बरोबर आहेत असं माझं मत. ५ जुलै २०२२ च्या अधिसूचना १४/२०२२ ने नियम ८९(४) ला स्पष्टीकरण जोडलं: निर्यात मालाची किंमत म्हणजे शिपिंग बिलातला एफओबी किंवा इन्व्हॉइसची किंमत, यातली कमी असेल ती. म्हणून अंशात ६६. एकूण उलाढाल ही कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे, म्हणजे ३बी मध्ये जे दाखवलं तेच. ती ८६ आहे. गणित सरळ आहे. आणि हो, बँकेचं वसुली प्रमाणपत्र जोडलंत का? ते नसेल तर उरलेलंही अडेल.

बंदरावरची_ताई

खतावणी, अर्धं बरोबर सांगितलंत. अंशात ६६ हे निर्विवाद. पण छेदाबद्दल हाच गोंधळ देशभर झाला म्हणून १७ जुलै २०२३ ला मंडळाने परिपत्रक १९७/०९/२०२३ काढलं. त्यात स्वच्छ म्हटलंय की सुधारित एकूण उलाढाल काढतानाही निर्यात मालाची किंमत त्याच स्पष्टीकरणाप्रमाणे धरायची. एकच माल अंशात एका भावाने आणि छेदात दुसऱ्या भावाने मोजता येत नाही. तर गणित असं:

```
६६ ÷ (६६ + १४) × ८,००,००० = ६,६०,०००
```

ओतीव_लोखंड, म्हणजे तुमच्या मागणीतले ९,७६७ जाणार, ते उत्तरात सरळ मान्य करा. उरलेले ४६,०४७ मात्र सोडू नका. उत्तर आरएफडी-०९ मध्ये पोर्टलवरूनच द्यायचं. हे गणित दोन ओळीत मांडा, परिपत्रकाची प्रत जोडा, आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. लांबलचक निवाडे जोडून गठ्ठा करू नका, तो कुणी वाचत नाही.

पण उत्तर टाकण्याआधी एक काम आहे. ‘कमी असेल ती’ ही तुलना एकूण बेरजेवर करू नका, इन्व्हॉइसनिहाय करा. शिपिंग बिलावर सीमाशुल्काचा विनिमय दर लागतो, तुम्ही जीएसटीआर-१ मध्ये दुसऱ्या दराने रुपये केले असतील. मग एखाद्या इन्व्हॉइसची रुपयांतली किंमत एफओबीपेक्षाही कमी निघू शकते आणि तिथे ती धरावी लागते. तुमचा ६ लाखांचा फरक निव्वळ बोटीचं भाडं आणि विमा आहे की त्यात दराचा फरकही मिसळलाय, हे स्टेटमेंट ३ च्या तक्त्यात एक जादा रकाना घालून तपासा. ६६ चा आकडा तिथून नक्की झाला की मगच उत्तर लिहा.

वसुली प्रमाणपत्राबद्दल: ते सेवांच्या निर्यातीला लागतं. मालाला रिफंड मागताना लागत नाही, २०१९ च्या परिपत्रक १२५ मध्येही तसंच आहे. फक्त पैसे फेमाच्या मुदतीत आले नाहीत तर घेतलेला रिफंड व्याजासह परत भरावा लागतो. तो वेगळा विषय.

खतावणी

१९७ मी रेजिस्ट्रेशनच्या संदर्भात वाचलं होतं असं वाटतंय. पुन्हा बघतो. मग भाडं उलाढालीतून वगळलं तर त्या भाड्यावरच्या जीएसटीचं क्रेडिटही ८ लाखांतून काढावं लागेल ना?

बंदरावरची_ताई

नाही. निव्वळ क्रेडिट म्हणजे त्या काळात घेतलेलं इनपुट आणि इनपुट सेवांचं सगळं क्रेडिट. कोणतं क्रेडिट कुठल्या मालाला लागलं अशी एकास एक जोडी सूत्र मागतच नाही. फॉरवर्डरचं बिल २बी मध्ये दिसत असेल तर ते आत राहतं. मशीनचं बाहेर ठेवलंय ते मात्र योग्यच.

ओतीव_लोखंड

ताई, फार उपकार. हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. एक शंका. देशातल्या विक्रीवरचा २,५२,००० कर आम्ही याच क्रेडिटमधून भरला. मग ८ लाखांतून तो वजा होत नाही?

बंदरावरची_ताई

सूत्रात नाही, पण दुसऱ्या दारातून तो येतो. रिफंड तीन आकड्यांतला सर्वांत लहान मिळतो: सूत्राचं उत्तर, त्या काळाचं ३बी भरल्यावर क्रेडिट लेजरमधली शिल्लक, आणि अर्ज करतेवेळची शिल्लक. तुमचे ८ लाख वजा २,५२,००० म्हणजे ५,४८,००० उरतात. मशीनचे दीड लाख त्याच लेजरमध्ये असतील तर ६,९८,०००. म्हणून ६,६०,००० बसतात. मशीन घेतलं नसतं आणि मागची शिल्लक शून्य असती तर तुम्हाला ५,४८,००० वरच थांबावं लागलं असतं. मशीनच्या क्रेडिटचा रिफंड मिळत नाही, पण लेजरमध्ये ते असं उपयोगी पडतं.

आणि ९,७६७ बुडत नाहीत. या रकमेबद्दल अपील करणार नाही असं लेखी दिलंत की पीएमटी-०३ ने लेजरमध्ये परत जमा होतात आणि पुढे देशातल्या विक्रीच्या करासाठी वापरता येतात.

कंटेनरवाला

ईजीएमबद्दल मी सांगतो, फॉरवर्डिंगचं काम करतो. ईजीएम निर्यातदार भरत नाही, शिपिंग लाइन भरते. माल आयसीडीतून गेला असेल तर आयसीडी ते बंदर हा दुवा जुळावा लागतो. कंटेनर नंबर किंवा नगसंख्या जुळली नाही की ईजीएम भरलेलं असूनही तुमच्या बिलासमोर एरर दिसते. आइसगेटवर शिपिंग बिलाचं ईजीएम स्टेटस उघडा. ‘भरलेलं नाही’ दिसतंय की ‘एरर’ दिसतेय, त्यावर पुढचं ठरतं. भरलेलंच नसेल तर लाइनच्या मागे लागा. एरर असेल तर लाइनकडून दुरुस्तीचा अर्ज करून घ्या, तो सीमाशुल्काकडे जातो. दोन्ही ठिकाणी बी/एल आणि कंटेनर ट्रॅकिंगचा प्रिंट सोबत ठेवा.

ओतीव_लोखंड

पाहिलं. एरर आहे, आणि माल आयसीडीतूनच गेला होता. फॉरवर्डरला सांगितलंय, पण नोटिशीची मुदत संपण्याआधी दुरुस्त होईल असं वाटत नाही. शिवाय आत्ता लक्षात आलं, इन्व्हॉइस डिसेंबरअखेरचं आहे आणि बी/एल जानेवारीतलं. आता ते बिल कुठल्या तिमाहीत?

बंदरावरची_ताई

याला एक उत्तर नाही, दोन्ही प्रकार बघितलेत. काही अधिकारी जीएसटीआर-१ चा महिना धरतात, काही बोट निघाल्याची तारीख. दोन वर्षांची मुदत बोट निघाल्यापासून मोजतात, त्यामुळे मुदतीची भीती तुम्हाला नाही.

भांडण्याआधी आकडा बघा. बिल अंश आणि छेद दोन्हींतून काढलं तर ६१ भागिले ७५, म्हणजे ६,५०,६६७. फरक ९,३३३ चा. पण फक्त अंशातून काढून छेदात ठेवलं तर ६१ भागिले ८०, म्हणजे ६,१०,०००, आणि मग फरक ५०,००० चा होतो. म्हणून उत्तरात पहिली मागणी अशी लिहा की बी/एल पुरावा धरून बिल मान्य करावं, एरर फक्त दुरुस्तीची आहे. पर्यायी मागणी अशी की ते पुढच्या तिमाहीत ढकलायचं असेल तर दोन्ही बाजूंनी वगळावं.

खतावणी

छेदातून कसं वगळणार? डिसेंबरच्या ३बी मध्ये ते शून्य दराच्या उलाढालीत दाखवलंय ना?

बंदरावरची_ताई

दाखवलंय, आणि अधिकारीही हेच विचारणार. म्हणूनच ती दुसरी मागणी ठेवली आहे, पहिली नाही. यावर मी छातीठोक सांगणार नाही.

कंटेनरवाला

माझ्या एका गिऱ्हाइकाचं बी/एल आणि लाइनचं पत्र बघून मान्य केलं होतं. पत्र लाइनच्या लेटरहेडवर हवं, ईमेल चालली नाही. आजच मागा, त्यांना दोन दिवस लागतात.

ओतीव_लोखंड

मागितलं. तक्ता इन्व्हॉइसनिहाय लावायला बसलोय. दोन इन्व्हॉइसांत खरंच एफओबी जास्त निघालाय, त्यामुळे ६६ चा आकडा थोडा खाली येईल. नवा आकडा इथेच टाकतो, आरएफडी-०९ भरण्याआधी एकदा नजर टाका.