शब्दचर्चा: 'क्लस्टर सॅम्पलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर: दिघा, ऐरोली आणि घणसोलीत रक्तदाबाची घरोघरी पाहणी करायची आहे, तीही क्लस्टर सॅम्पलिंगने, म्हणजे शेजारशेजारच्या घरांचे संच पाडून त्यांतले थोडेच चिठ्ठीने निवडायचे. आशाताईंच्या प्रशिक्षणाचं मराठी टिपण माझ्याकडे आलंय. क्लस्टरला 'वस्ती' लिहिलं, तर दोघीतिघींनी अर्थ लावला की फक्त झोपडपट्टीत जायचं, सेक्टरमधल्या इमारती सोडायच्या. मग 'गट' लिहू का? आणि अशा निवडीत नमुना साध्या निवडीच्या किती पट लागतो तो आकडा, 'डिझाइन इफेक्ट', त्याचं काय करू?

शब्दवेडा: गुच्छ! 'गुच्छ नमुना निवड'. द्राक्षाच्या घोसातले मणी सारख्याच चवीचे निघतात, तशी शेजारशेजारची घरं. अर्थ शब्दातच आहे. डिझाइन इफेक्ट म्हणजे 'अभिकल्प परिणाम'.

तलावपाळी: अभिकल्प म्हटल्यावर पुढचं पान कोणी वाचणार नाही. क्लस्टर सगळ्यांना कळतं, तेच ठेवा. डिझाइन इफेक्टला तर शब्दच नको. नमुना दुप्पट घ्यायचा, झालं. लसीकरणाच्या पाहण्या पूर्वी तशाच व्हायच्या, ३० क्लस्टर आणि प्रत्येकात ७ मुलं.

घणसोलीची सून: क्लस्टर अजिबात नको हो. माझं माहेर ठाण्याला किसननगरचं. तिथे 'क्लस्टरचा सर्वे' म्हटलं की लोक घराची कागदपत्रं काढून बसतात. क्लस्टर म्हणजे पुनर्विकास, दुसरा अर्थच नाही.

जुना सांख्यिक: सूनबाई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. दारात तो शब्द उच्चारू नये. पण ऐरोलीकरताई, 'गट'ही नको. तुम्ही गावठाण, झोपडपट्टी आणि सेक्टर असे भाग पाडाल, त्यांनाही टिपणात गटच म्हणाल. त्या भागांतल्या प्रत्येकात जावंच लागतं. क्लस्टर मात्र पुष्कळ असतात आणि त्यांतले थोडेच चिठ्ठीने निघतात. दोन्हींना एकच शब्द दिलात तर गावठाणच वगळलं जाईल.

तलावपाळी, दुपटीचा आकडा त्या पाहणीपुरता ठीक होता. साध्या चिठ्ठीने १० टक्क्यांच्या फरकाने अंदाज हवा तर ९६ मुलं पुरतात, त्यांची दुप्पट १९२, म्हणून ३० गुणिले ७, म्हणजे २१०. पण ही दुप्पट सगळीकडे लागू नाही. ऐरोलीकर, तुम्ही एका ठिकाणी किती घरं घेताय?

ऐरोलीकर: २०, प्रत्येक घरातून एकच प्रौढ. रक्तदाब ३० टक्क्यांच्या आसपास धरलाय, ५ टक्के इकडेतिकडे चालेल. साध्या निवडीने ३२३ माणसं येतात.

जुना सांख्यिक: मग तुमचा डिझाइन इफेक्ट असा काढा: २० मधून १ वजा करा, शेजाऱ्यांमधल्या सारखेपणाच्या आकड्याने गुणा आणि त्यात १ मिळवा. रक्तदाबासाठी सारखेपणा ०.०५ धरून पाहू. १९ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे १.९५. ३२३ चे झाले ६३०, म्हणजे २० घरांची ३२ ठिकाणं. एका ठिकाणी १० च घरं घेतलीत तर १.४५ येतो. माणसं ४६८ पुरतात, पण ठिकाणं ४७ लागतात. रिक्षाचा आणि यादी करण्याचा खर्च बघून ठरवा.

त्याच फॉर्ममध्ये नळाच्या पाण्याचा प्रश्न आहे का? एका चाळीत नळ आला की सगळ्यांना आला. तिथे सारखेपणा ०.३ निघाला तर तोच आकडा ६.७ होतो, आणि तुमची ६४० घरं साध्या निवडीच्या ९५ घरांइतकीच माहिती देतात. एकाच पाहणीत प्रत्येक प्रश्नाचा आकडा वेगळा असतो. म्हणून ठिकाणाचा क्रमांक प्रत्येक फॉर्मवर हवाच. तो नसेल तर नंतर हिशेब करता येत नाही आणि अंदाज किती चुकू शकतो ती मर्यादा खरी असते त्याहून लहान दिसते.

शब्दवेडा: म्हणजे हा 'शेजारपणाचा भार' झाला! घ्या, शुद्ध मराठी.

तलावपाळी: हे अभिकल्पपेक्षा बरं. पण अहवालात चालेल का?

शब्दवेडा: अहवालात अभिकल्पच. परिभाषा प्रत्येक टेबलावर बदलू लागली तर ती परिभाषा राहील का?

घणसोलीची सून: मला एक विचारायचंय. मागे आमच्या मजल्यावर पाहणीवाल्या आल्या, आमचं दार बंद होतं, तर शेजारच्यांनाच विचारून गेल्या. सासूबाईंना बीपी आहे, त्यांची नोंदच नाही. हे बरोबर का?

जुना सांख्यिक: चिठ्ठीत तुमचं घर निघालं असेल तर नाही. दुपारी दार उघडं असणारी घरंच मोजली तर कामावर जाणारे सुटतात, आणि सेक्टरमध्ये ते पुष्कळ. संध्याकाळी आणि रविवारी परत यायला हवं. तरी भेट झाली नाही तर 'बंद' अशी नोंद करायची, शेजार घ्यायचं नाही.

ऐरोलीकर: मग टिपणात तूर्त 'निवडलेलं ठिकाण' लिहिते. संध्याकाळच्या फेरीसाठी मात्र आशाताई तयार नाहीत, मानधन तेवढंच आहे म्हणतात.

शब्दवेडा: 'ठिकाण' फारच ढोबळ. 'पुंजका' कसा वाटतो?