अनुभव धागा: दोन घड्याळांमधला फोन हजेरी कधी होतो?

धागाकर्ती

ज्या जोडप्यांच्या घड्याळांत सात-आठ तासांहून अधिक अंतर आहे आणि ज्यांनी फोनची काही एक घडी बसवली आहे, त्यांचे अनुभव येथे हवे आहेत. ठरलेला फोन हजेरी लावल्यासारखा केव्हा वाटू लागला आणि त्यावर तुम्ही नेमके काय बदललेत, एवढेच सांगावे. माझा जोडीदार माझ्या नऊ तास पुढे आहे. माझ्या रात्री साडेदहाला आमचा फोन असतो, तेव्हा त्याच्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्याच्या दिवसात सांगण्यासारखे अजून काही घडलेले नसते आणि माझ्यात सांगण्याइतके त्राण उरलेले नसते. "काय चाललंय?" "काही नाही, तुझं?" यापुढे गाडी सरकत नाही.

उत्तरायण

आम्ही लंडन आणि सिडनी या दोन शहरांत राहत होतो, त्यामुळे नऊ तासांचा हा फरक माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. अंतर जितके जास्त तितका फोन अवघड, असे वरवर वाटते. पण नोकरी करणाऱ्या दोघांसाठी अकरा तासांपेक्षा नऊ तासांचा फरक अधिक जाचक असतो. उत्तरेकडील हिवाळ्यात ही दोन शहरे अकरा तासांनी वेगळी असतात. तेव्हा लंडनचे सकाळी सात ते नऊ म्हणजे सिडनीचे संध्याकाळी सहा ते आठ, आणि लंडनचे रात्री आठ ते दहा म्हणजे सिडनीचे सकाळी सात ते नऊ. दिवसाला दोन खिडक्या उघड्या असतात, शिवाय आज एकाची सकाळ आणि उद्या दुसऱ्याची, अशी अदलाबदलही करता येते. उत्तरेकडील उन्हाळ्यात फरक नऊ तासांवर येतो आणि त्याच दोन खिडक्या सिडनीत दुपारी चार ते सहा आणि पहाटे पाच ते सात अशा जाऊन पडतात. एक कचेरीत, दुसरी झोपेत. उरते ती फक्त तुमच्यासारखी, एकाच्या रात्री उशिराची आणि दुसऱ्याच्या घाईच्या सकाळची वेळ.

ही गोष्ट ध्यानात येईपर्यंत आपल्यातले काही आटले आहे, असा समज होऊन बसतो. आमच्याकडे दर एप्रिलमध्ये कुरबुरी सुरू होत आणि ऑक्टोबर सरता सरता त्या आपोआप मिटत. त्याचे कारण मनात कमी आणि घड्याळात अधिक होते, कारण सिडनीतील घड्याळे एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे जातात आणि लंडनमधील त्याआधी एकच आठवडा, मार्चच्या शेवटच्या रविवारी, पुढे जातात. पुढच्या वर्षापासून आम्ही त्या सहा-सात महिन्यांसाठी वेगळे वेळापत्रक केले. आठवड्याच्या दिवसांत लांब फोन बंद केला आणि त्याऐवजी ज्याला ज्या वेळी काही सुचेल त्या वेळी दोन-तीन मिनिटांचा बोललेला निरोप पाठवायचा, असे ठरवले. लांब फोन शनिवारी, लंडनच्या सकाळी नऊला म्हणजे सिडनीच्या संध्याकाळी सहाला. निरोपांमुळे शनिवारच्या फोनला विषय आधीच मिळालेला असे; "तो जिन्यातला माणूस पुन्हा भेटला का?" अशा प्रश्नाने सुरुवात होई आणि आठवड्याचा अहवाल देण्याची पाळी येत नसे.

नेमस्त

यात एवढा हिशेब कशाला? फोनच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद एकदा करून ठेवली की घड्याळे बदलली तरी ती आपोआप जुळवून घेते. आम्ही कायम तसेच करतो आणि कधीही अडलेले नाही.

उत्तरायण

नोंद जुळवून घेते हे खरे, पण ती ज्याच्या टाइम झोनमध्ये केली असेल त्याच्याच बाजूने. तुम्ही लंडनच्या वेळेने नऊची नोंद केली असेल, तर लंडनमध्ये ती बाराही महिने नऊलाच राहते आणि सिडनीत कधी सहा, कधी सात, तर कधी आठ होते. तुम्हाला अडलेले नाही, म्हणजे नोंद बहुधा तुमच्या बाजूने आहे. जोडीदाराला एकदा विचारून पाहावे.

नेमस्त

विचारले. पुढचे येथे लिहीत नाही.

बंदरकाठ

माझे यजमान मालवाहू जहाजावर असतात. जहाज पूर्वेकडे निघाले की तेथील घड्याळ काही रात्री एकेक तास पुढे करतात, त्यामुळे आमच्यातील फरकच स्थिर नसतो, आणि भर समुद्रात जोडणी कधी मिळेल हेही सांगता येत नाही. ठरलेली वेळ हा प्रकार आमच्याकडे नाहीच. त्यामुळे आपल्या प्रश्नाचे हे उत्तर होत नसेल, तरी एक गोष्ट सांगते. फोन लागला की पहिला प्रश्न "आत्ता तुमच्याकडे किती वाजले?" आणि दुसरा "किती वेळ आहे?" हा असतो. दहा मिनिटे आहेत असे कळले की आम्ही घरातील कामांचा विषय काढतच नाही, तो लिहून पाठवतो. वेळ माहीत नसला की माणूस घाईघाईने सगळेच उरकू पाहतो आणि हाती काही लागत नाही.

सोपानदेव

कोणते अॅप वापरता तेही प्रत्येकाने लिहावे. आमच्याकडे चित्र सारखे गोठते.

रात्रपाळी

अॅपचा प्रश्न येथे नसावा, पण चित्राविषयी मला बोलायचे आहे. मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझ्या पाळ्या आठवड्याआठवड्याला बदलतात. पाळ्यांचा तक्ता लागला की मी त्याचा फोटो नवऱ्याला पाठवते आणि फोनच्या वेळा तो ठरवतो, कारण जागण्याचा ताण माझ्याकडे असल्याने निदान आखणीचा ताण त्याने घ्यावा, असे आमचे ठरले आहे. पाळीवरून आल्यावर समोर चेहरा धरून बोलणे मला नकोसे होते. तेव्हा आम्ही फोन नुसता चालू ठेवतो. मी वाळलेले कपडे घड्या घालत असते, तो तिकडे कामाच्या फायली चाळत असतो. मधूनच त्याचे पान उलटल्याचा किंवा खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मधूनच एखादे वाक्य. विचारायचे काही नसते आणि उत्तर द्यायचेही नसते. मात्र हे दोघांपैकी एकालाच आवडत असेल तर दुसऱ्याला ते दुर्लक्ष वाटते. नवऱ्याला पहिल्यांदा तसेच वाटले होते, म्हणून "आज नुसता" असे आधी लिहून कळवण्याची पद्धत आम्ही पाडली.

शब्दवेडा

माझे मत थोडे वेगळे आहे. रोज एकमेकांचा चेहरा दिसलाच पाहिजे, मग दोनच मिनिटे का होईना. आठवड्यात एकदाच बोलायचे म्हटले की त्या एका फोनवर फार भार येतो. त्याच दिवशी एखाद्याला डोके दुखत असले की आठवडाच गेला.

उत्तरायण

भार येतो, हे मान्य. आमच्याकडेही शनिवार हुकला की रविवारी संध्याकाळपर्यंत तोंडे फुगलेली असत. म्हणून एक नियम केला: फोन हुकवणाऱ्याने नुसती क्षमा न मागता त्याच निरोपात पुढची वेळ द्यायची, आणि ती दुसऱ्याच्या सोयीची असली पाहिजे. पण रोजच्या दोन मिनिटांचे आम्हाला कधी जमले नाही. नऊ तासांच्या फरकात ती दोन मिनिटे नेहमी एकाच माणसाच्या झोपेतून जातात.

शब्दवेडा

माझ्या बाबतीत ती माझ्या झोपेतून जातात आणि माझी तक्रार नाही.

धागाकर्ती

आपली तक्रार नाही, हे तिला ठाऊक आहे की तिने गृहीत धरले आहे? मी चिमटा काढण्यासाठी विचारत नाही. आमच्याकडे साडेदहाची वेळ माझ्या होकारानेच ठरली होती आणि त्यानंतर ती कोणी पुन्हा विचारात घेतलेली नाही. या शनिवारी माझ्या सकाळी नऊची वेळ त्याला सुचवली आहे. संध्याकाळी सहाला त्याचा खेळाचा सराव असतो, त्यामुळे साडेसात करता येईल का, असे त्याचे उत्तर आले आहे. म्हणजे माझ्याकडे साडेदहाच, पण सकाळचे.