शब्दचर्चा : ‘स्पिल’ला मराठीत काय म्हणावं?

रामबाग, इंदूर : आईचं प्रवचन हिरव्या पडद्यासमोर टिपलं, मागे राजवाडा लावायचा होता. पडदा उडवला, पण तिच्या पांढऱ्या केसांना आणि मानेला हिरवट कड राहिली. याला ‘स्पिल’ म्हणतात. मंडळाच्या टिपणात मी ‘सांडलेला रंग’ लिहिलं, पण ते मनाला पटत नाही.

निवृत्त शिक्षिका, इंदूर : पडद्यातून काही सांडतच नाही. ‘डाग’ लिही बाळ, पुसायचाच आहे ना?

एडिटिंग करणारा, वडोदरा : डाग नको मावशी. केसांचा रंग तसाच आहे, त्यात पडद्यावरून उसळलेला हिरवा उजेड मिसळलाय. म्हणून पुसायचं नसतं, जास्तीचं हिरवं वजा करायचं असतं. समजा केसांच्या एका ठिपक्यात लाल 170, हिरवा 195, निळा 165 आहे. लाल आणि निळ्यात जो मोठा, त्याच्या वर हिरव्याला जाऊ द्यायचं नाही. हिरवा 170 वर आला की केस परत पांढुरके दिसतात. आम्ही सरळ म्हणतो, ‘हिरवी झाक मारतेय’.

विद्यार्थी, ग्वाल्हेर : टॉलरन्स वाढवा की, झाक जाते.

एडिटिंग करणारा, वडोदरा : जाते, पण बारीक केसांसकट. टॉलरन्स ठरवतो काय आरपार व्हायचं ते. झाक तर आपल्याला ठेवायच्या भागावर असते.

लग्नाचे व्हिडिओ करणारी, ग्वाल्हेर : माझ्या नवरीच्या हिरव्या चुड्यातून मागचा किल्ला दिसला! तीही झाकच ना?

एडिटिंग करणारा, वडोदरा : नाही ताई, ते भोक. चुड्याचा स्वतःचा रंगच पडद्याशी जुळला. तिथे निळा पडदा लावायचा, शालू निळा नसेल तर.

रामबाग, इंदूर : करून पाहिलं. केस छान झाले, पण आईची हळदी साडी नारिंगी झाली.

एडिटिंग करणारा, वडोदरा : म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरनं लाल-निळ्याची सरासरी धरली असणार. हळदी रंग साधारण 220, 190, 40 असतो. सरासरी 130, म्हणून हिरवा 190 वरून तिथे खाली आला. ‘मोठा आकडा’ धरला असता तर मर्यादा 220, साडीला धक्का नाही. तसा पर्याय नसेल तर साडी मास्कनं वेगळी काढून झाक फक्त केसांवर आणि मानेवर उतरवा. उजेड वजा झाल्यामुळे कडा थोड्या काळवंडतील, त्यांत राजवाड्याच्या चित्रातला रंग किंचित मिसळा. पुढच्या वेळी आईंना पडद्यापासून सात-आठ फूट पुढे बसवा आणि पडद्यावरचे दिवे वेगळे ठेवा, म्हणजे झाकच कमी येईल.

निवृत्त शिक्षिका, इंदूर : ‘झाक’ मान्य. पण झाक म्हणजे दिसतं ते. पडद्यावरून उसळून अंगावर येतो त्या उजेडाला काय म्हणाल?

रामबाग, इंदूर : टिपणात ‘हिरवी झाक’ केलंय. त्या उजेडाची जागा अजून कोरी आहे. ‘परतीचा उजेड’ चालेल का, मावशी?