सासऱ्यांचं नाव प्रकाश, आणि खोलीत उजेड कमी

परभणीची सून: लग्नाला दीड वर्ष झालं. पुण्यात आम्ही एकमेकांना नावानंच हाक मारतो. दिवाळीला परभणीकडं गावी गेले होते. स्वयंपाकघरात सहज म्हणाले, "इथं प्रकाश अजिबात येत नाही." भांड्यांचा आवाज थांबला. जाऊबाईंनी ओठ दाबले, आत्याबाई पोळी लाटायच्या थांबल्या. मग कळलं, मामंजींचं नाव प्रकाश! रात्री जाऊबाई म्हणाल्या, "आपल्याकडं उजेड म्हणायचं." मला हसूही आलं आणि रागही. मोठ्यांच्या नावासाठी साधे शब्दसुद्धा टाळायचे? आणि नवऱ्याला गावी 'अहो', पुण्यात नाव, हे किती दिवस चालायचं?

माळकरी: ताई, राग कशाला? पतीचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं शास्त्रात बायकांसाठी सांगितलेलं आहे. जुन्या बायका उगाच पाळत नव्हत्या.

अंबाजोगाईकर: माळकरी, तुमचं निम्मं बरोबर आहे. नावाचा आणि आयुष्याचा संबंध लोक मानत आलेत. पण जो श्लोक नेहमी सांगतात त्यात नवऱ्याचं नाव नाहीच: 'आत्मनाम गुरोर्नाम नामातिकृपणस्य च। श्रेयस्कामो न गृह्णीयात् ज्येष्ठापत्यकलत्रयोः॥' म्हणजे स्वतःचं, गुरूचं, महाकंजूष माणसाचं, थोरल्या अपत्याचं आणि बायकोचं नाव घेऊ नये. हा उपदेश पुरुषाला केलेला आहे. आमचे वडील आईला चारचौघांत 'ऐकलं का' म्हणायचे, तेही ह्याच मुशीतलं. फक्त पुरुषांच्या वाट्याचं पाळणं हळूहळू सुटलं आणि बायकांच्या वाट्याचं राहिलं.

आता शब्दांचं. आमच्या गल्लीतली गोष्ट सांगतो. माझ्या आजोबांचं नाव धोंडिबा. लेकरं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावं ठेवायचे, तसलंच ते. आजी जन्मात 'धोंडा' म्हणाली नाही, नेहमी 'दगड'. शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांचं नाव दगडू, म्हणून त्यांच्या तोंडी कायम 'धोंडा'. ओढ्यावर दोघी एकाच कातळावर धुणं आपटायच्या. आजी मला म्हणायची, "त्या दगडावर बस," काकू म्हणायच्या, "धोंड्यावर नको, घसरशील." मी सहा-सात वर्षांचा होईपर्यंत ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं धरून चाललो होतो.

आजीची खरी पंचाईत अधिक महिन्यात. आपल्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला पुरणाचे धोंडे करून वाढतात. आजी म्हणायची, "अधिक महिना लागला, जावायाला दिंडं करायचीत." पदार्थ तोच, फक्त नाव बदललं. ह्यावरून नियम कळतो: अर्थावर बंदी नसते, आवाजावर असते. 'दगड' चालतो, कारण त्यात धोंडिबा ऐकू येत नाही. तुमच्याकडं 'उजेड' चालतो तो त्याच हिशेबानं.

लातुरी मिरची: गोष्ट गोड आहे दादा, पण एक सांगा, तुमच्या आत्या 'धोंडा' म्हणायच्या का नाही?

अंबाजोगाईकर: म्हणायच्या. लेकी म्हणायच्या, सुना नाही.

लातुरी मिरची: तेच तर! मग हा मोठ्यांचा मान कसा? लेकीला बापाचा मान नसतो का? हे ओझं फक्त बाहेरून आलेल्या बाईवर. आता माझ्या आईचं ऐका. वडील शेतात आणि ती तापानं फणफणलेली. शेजारणीच्या पोराला घेऊन दवाखान्यात गेली. केसपेपरवाल्यानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" ही खाली मान घालून उभी. मागं रांग. शेवटी पोरानं घरात सगळे म्हणतात ते सांगितलं, 'बापू'. कागदावर बापू, रेशनकार्डावर मारुती. पुढं एका योजनेचे पैसे मिळायचे होते, तेव्हा दोन्ही एकच माणूस आहे हे पटवायला तीन चकरा आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं. तिला लिहिता येत असतं तर कागदावर लिहून तरी दिलं असतं, लिहायला कुठं बंदी होती!

जालन्याचा मोसंबीवाला: आमच्याकडं पण दिवा विझवला म्हणत नाहीत, मालवला म्हणतात. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, बांगडी फुटली तर वाढली. रात्री सापाला लांबडं. ताई, तुम्ही 'प्रकाश गेला' म्हणला असाल म्हणून त्यांना अशुभ वाटलं असेल.

परभणीची सून: नाही हो, 'येत नाही' म्हणाले होते. आणि 'उजेड येत नाही' चाललं की त्यांना!

अंबाजोगाईकर: मोसंबीवाले, तुमची उदाहरणं खरी आहेत, पण जात वेगळी. 'दिवा विझला' कुणीच म्हणायचं नसतं, घरच्यांनी नाही, पाहुण्यानं नाही, कारण भीती शब्दाची आहे. 'प्रकाश' मात्र त्याच घरात त्यांचा लेक बिनदिक्कत म्हणतो. तिथं बोलतंय कोण ते बघतात. आणि मिरचीताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. आजीला विचारलं होतं, ती म्हणाली, "लेक घरचीच आसती, तिला कसलं आलंय?"

लातुरी मिरची: म्हणजे सून साठ वर्षांनीपण घरची नाही! लिहून ठेवा हे कुणीतरी.

औंढ्याची आक्का: इतकं पण नाही गं बाई. मी पंचेचाळीस वर्षं 'आमचे हे' म्हणत आले, मला कधी जाच वाटला नाही. उलट नाव घ्यायची मजा त्याच्यामुळंच होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका दार अडवायच्या, नाव घेतल्याबिगर सोडायच्या नाहीत. "आगटीत भाजला हुरडा, चटणी केली तिळाची, विठ्ठलरावांचं नाव घेते, सून मी मोठ्या कुळाची." एरवी जे तोंडून निघत नव्हतं ते तिथं सगळ्यांच्या देखत म्हणायला मिळायचं, कान तापायचे. आता सुना दिवसभर नावानं हाका मारतात आणि उखाणा मोबाईलमध्ये बघून वाचतात.

फक्त एक अडचण मलापण आली. सासरे गेल्यावर थोरल्या लेकाला त्यांचं नाव ठेवलं, भगवान. नाव ठेवलं खरं, पण मी हाक कशी मारू? रागावताना तर आणखीच अवघड. सासऱ्याला 'मेल्या' म्हटल्यागत होतंय. म्हणून मी म्हणायचे आण्णा. आज तो चाळिशीला आला, गाव त्याला आण्णाच म्हणतं. आपल्याकडं घरोघर आण्णा, बापू, तात्या कशामुळं झाले, ते बघा शोधून.

लातुरी मिरची: आक्का, 'मेल्या' तर भारीच. पण आमच्या आईचा 'बापू' असाच आला होता, आणि त्यानंच घात केला.

परभणीची सून: सगळ्यांचे आभार. काल नवऱ्याला विचारलं, "तू माझ्या पप्पांचं नाव घेतोस का?" म्हणाला, "मी पप्पाच म्हणतो." पण माझ्या वडिलांचं नाव वसंत, आणि हा सरळ 'वसंत ऋतू' म्हणतो. पुढच्या खेपेला गावी सगळ्यांसमोर त्याला अडवणार आहे. मामंजींपुढं 'उजेड' म्हणेन, तेवढं जमेल. केसपेपरवर मात्र मी पूर्ण नाव सांगणार, प्रकाशरावांसकट.

माळकरी: तो श्लोक जरा पुन्हा सांगा हो. कंजूष माणसाचं नाव का घ्यायचं नाही?

अंबाजोगाईकर: सकाळी घेतलं तर दिवसभर जेवायला मिळत नाही म्हणतात. आमच्या गल्लीत असा एक होता, त्याचं नाव नऊच्या आधी कुणी घेत नव्हतं.