सोडवलेली तक्रार पोस्ट करावी का?

मंजिरी: आमच्या कुरिअरकडे येणाऱ्या तक्रारी मी बघते. एका ताईंच्या पार्सलवर सलग दोन दिवस ‘घर बंद’ असा शेरा पडला, आणि त्या दोन्ही दिवस घरीच होत्या. तक्रार आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सल पोचतं केलं. त्यांचा आभाराचा छान मेसेज आलाय. मालक म्हणतात, त्याचा स्क्रीनशॉट टाकू, लोकांचा विश्वास बसेल. टाकावा का?

हेमंत: आधी सांगा, तो शेरा पडला कसा हे शोधलंत का? मी बरीच वर्षं हबवर काढली आहेत. संध्याकाळी डिलिव्हरीची मुलं परत येतात तेव्हा पिशवीत काही पार्सलं उरलेली असतात, आणि प्रत्येकाला कारण टाकल्याशिवाय दिवस बंद करता येत नाही. मग तिथेच बसून ‘घर बंद’, ‘घर बंद’ दाबत सुटतात. शेऱ्यांच्या वेळा काढून बघा. दोन पत्त्यांमध्ये दहा मिनिटांचं अंतर असेल आणि शेरे अर्ध्या मिनिटाच्या फरकाने पडले असतील, तर तिथे कोणी गेलंच नव्हतं.

मंजिरी: आत्ताच काढलं. ७:४२ ते ७:४६ या वेळात ११ शेरे, सगळे ‘घर बंद’. लोकेशन आमच्या हबचंच दाखवतंय. बाकीच्या दहा जणांनी तक्रारच केलेली नाही.

विनायक: आणि हे सगळं जगजाहीर करायचं? माझा स्वतःचा धंदा आहे. आपणच चूक सांगितली की लोकांच्या डोक्यात चूकच राहते, आणि स्पर्धक तीच पोस्ट गिऱ्हाइकाला दाखवतो. ताईंचा मेसेज टाका, नाव-नंबर पुसा, विषय संपला.

स्नेहा: नाव पुसायचं हे बरोबर, पण तेवढ्याने भागत नाही. लेबलचा फोटो टाकताना लोक नाव झाकतात आणि बारकोड तसाच ठेवतात. त्यात डॉकेट नंबर असतो. फोनने स्कॅन केला की नंबर हाती येतो आणि पार्सल कुठून कुठे गेलं ते कोणालाही बघता येतं. आणि ताईंना विचारलंय का? त्यांनी आभार तुम्हाला मानले होते, जाहिरातीसाठी नाही. पोस्ट जशी जाणार तशी त्यांना पाठवा आणि होकार लेखी घ्या.

संदीप: माझं पार्सल पाच दिवस ‘हबवर पोचलं’ असंच दाखवतंय. तक्रार नक्की कुठे करू?

हेमंत: संदीप, ‘पार्सल कुठे आहे’ एवढंच विचारू नका. शेवटचा स्कॅन कोणत्या हबचा आणि पुढच्या हबला जाणाऱ्या कोणत्या बॅगेत ते चढलं, हे विचारा. बॅग नंबर सांगता आला नाही तर ते अजून तिथेच पडलंय असं समजा, आणि त्या हबवर प्रत्यक्ष शोधायला लावा.

मंजिरीताई, तुमच्या पोस्टखाली असेच दहा जण येतील. नुसता आभाराचा स्क्रीनशॉट असेल तर ते आणखी चिडतील, कारण त्यांचं पार्सल अजून अडकलेलं असतं. मी असं लिहीन:

‘ग्राहक घरी असताना आम्ही दोन दिवस “घर बंद” लिहिलं. आमचा माणूस तिथे गेलाच नव्हता. त्यातल्या एका संध्याकाळी असे ११ शेरे पडले होते. त्या सगळ्यांना आम्ही फोन करून माफी मागितली. आता पत्त्याजवळ पोचून ॲपमधून फोन लावल्याशिवाय हा शेरा टाकता येत नाही.’

यातलं प्रत्येक वाक्य आधी खरं झालं पाहिजे. दहा फोन बाकी असतील तर पोस्ट थांबवा. नवा नियम लावल्यावर तीन आठवडे शेऱ्यांच्या वेळा तपासा. मुलं एक रिंग देऊन कापतात, म्हणून फोन किती सेकंद वाजला तेही बघा. उंच इमारतींत लोकेशन थोडं चुकतं, तेवढी सूट ठेवा, नाहीतर खरोखर गेलेला मुलगाच अडकतो.

स्नेहा: ‘आमचा माणूस गेलाच नव्हता’ हे मला खटकतं. एका फेरीत संपणारच नाहीत इतकी पार्सलं कोणी दिली? हबच्या वाटपाची चूक असेल तर तसं लिहा. एका मुलावर ढकललंत तर उद्या बाकीची मुलं शेरा आणखी शिताफीने टाकतील.

हेमंत: हे मान्य. ‘आम्ही तिथे पोचलोच नव्हतो, कारण त्या फेरीत जास्त पार्सलं दिली होती’ असं करा. पण त्या दिवशीचं वाटप काढून खात्री करा.

विनायक: माझं मत तेच आहे. ११चा आकडा तरी गाळा. तक्रार एकीची, कबुली अकरांची कशाला?

स्नेहा: उरलेल्या दहा जणांना फोन गेलेच असतील ना? मग आकडा लपणार कोणापासून?

मंजिरी: वाटप काढलं. त्या मुलाकडे रोजच्या दीडपट पार्सलं होती, जोडीचा सुट्टीवर होता. सात फोन झाले. त्यातल्या दोघांनी सांगितलं की शेरा खराच होता, ते खरोखर बाहेर होते. म्हणजे मुलगा न जाताही शेरा बरोबर निघाला. मग पोस्टमध्ये ११ लिहू की ९? तीन फोन अजून बाकी आहेत. ताईंचा होकार आलाय, मालकांचा नाही.