‘घट्ट डिकॉक्शन’ म्हणजे आटवलेले की कडक?

विचारणा, दांडिया बाजार, वडोदरा
शेजारच्या तमिळ मामींनी आम्हाला कॉफीचा पितळी फिल्टर दिला आणि त्यांनी सांगितलेली कृती सासूबाईंनी वहीत अशी उतरवून ठेवली : ‘डिकॉक्शन घट्ट, दूध तिप्पट, वर फेस.’ ‘घट्ट’ हा शब्द आपण वरणाला आणि बासुंदीला वापरतो. मग डिकॉक्शन गॅसवर आटवून दाट करायचे, की ‘घट्ट’चा अर्थ येथे केवळ कडक असा घ्यायचा? तसेच डिकॉक्शनला मराठीत काढा म्हटलेले चालेल का?

रावपुरा
काढा हाच नेमका शब्द आहे. मूळ इंग्रजी शब्दाचाही अर्थ उकळून काढलेले सत्त्व असाच आहे, आणि वैद्य काढा करतात तो पाणी चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवूनच. त्यामुळे डिकॉक्शन पातळ उतरले, तर ते मंद आचेवर आटवावे, असाच त्या ‘घट्ट’चा अर्थ मी लावीन.

कारेलीबाग
शब्दार्थ आपण बरोबर सांगितलात, परंतु कृती त्यावरून ठरवू नये. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे म्हैसूरला होतो आणि तेथे कोणत्याही घरात उतरलेले डिकॉक्शन पुन्हा आचेवर चढवलेले पाहिले नाही. ते उकळले की सुवास उडून जातो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. येथे ‘घट्ट’ म्हणजे थोड्या पाण्यात पुष्कळ कॉफी उतरलेली, आणि हा घट्टपणा फिल्टरमध्येच यावा लागतो.

तीन कपांचा हिशेब सांगतो. फिल्टरच्या वरच्या भांड्यात साधारण 25 ग्रॅम पूड घालावी, ती हलक्या हाताने सारखी करून तिच्यावर फिल्टरमधली दांड्याची भोके असलेली चकती, म्हणजे छत्री, ठेवावी, आणि उकळी थांबल्यावर लगेच 150 मिली पाणी कडेने गोल फिरवत ओतावे. पूड स्वतःच 50 मिलीच्या आसपास पाणी धरून ठेवते, म्हणून खाली 100 मिलीच उतरते. हे उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागली, तर डिकॉक्शन चांगले झाले असे समजावे. पाच मिनिटांतच सगळे पाणी खाली आले, तर पूड जाड आहे किंवा सैल भरली आहे. उलट अर्ध्या तासानंतरही पाणी वरच दिसत असेल, तर छत्री फार दाबली गेली आहे किंवा भोके बुजली आहेत. चिकोरीमुळे पाणी सावकाश उतरते आणि रंगही गडद येतो. म्हणून नुसत्या काळेपणावरून कडकपणा ठरवू नये, थेंबभर जिभेवर घेऊन पाहावे.

‘दूध तिप्पट’ हे प्रमाण या पहिल्या उताऱ्यासाठी आहे. म्हणजे कपाला 33 मिली डिकॉक्शन आणि 100 मिली दूध. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेल्या डिकॉक्शनला तिप्पट दूध सोसत नाही. ते दुप्पटच ठेवावे.

सयाजीगंज
आमच्याकडे जायफळ घालून पूड दुधातच उकळतात आणि तिला आम्ही नुसते ‘दुधाची कॉफी’ म्हणतो. दूध म्हशीचे, चांगले दाट असते, तरी कितीही वर-खाली केले तरी फेस काही टिकत नाही. वहीतला फेस बहुधा साखर फेटून आणलेला असावा.

कारेलीबाग
ताई, तो प्रकार निराळा; येथे फेस ओतण्यानेच येतो. आपले दूध दाट आहे, हीच अडचण असावी. फेस धरतात ती दुधातली प्रथिने, स्निग्धांश मात्र तो मोडतो. त्यातून साय मध्ये आली, की धार तुटते. दूध गाळून घ्यावे आणि म्हशीचे असल्यास त्यात थोडे पाणी घालावे. गरम दुधात डिकॉक्शन आणि साखर घालून पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असे चार-पाच वेळा हातभर उंचीवरून बारीक, अखंड धारेने ओतावे. साखरही त्यातच विरघळते. याहून अधिक वेळा ओतल्यास कॉफी कोमट होते. शेवटची धार पेल्यात उंचावरूनच पडू द्यावी, म्हणजे बारीक बुडबुड्यांचा थर वर बसतो.

रावपुरा
आटवण्याचा मुद्दा मी मागे घेतो. काढा या शब्दावर मात्र ठाम आहे, कारण धने-जिऱ्याचा काढा पुष्कळ घरांत नुसता भिजवून ठेवूनही करतात. अर्क म्हणावे, तर तो ऊर्ध्वपातनाने काढतात. ते तर याहून लांबचे.

दांडिया बाजार
काढा म्हटले, की आमच्याकडे मुले पेला दूर सारतात, त्यामुळे मी वहीत डिकॉक्शनच ठेवते. ‘घट्ट’ खोडून मात्र ‘कडक, पहिल्या उताऱ्याचे’ असे लिहिले आहे. आज पाणी आठ मिनिटांतच खाली आले. पूड दळून देणाऱ्याकडून आणखी बारीक करून घ्यावी, की छत्री थोडी दाबून पाहावी?

कारेलीबाग
आधी दाबून पाहा. फार बारीक पूड पितळी भोकांतून खाली उतरते आणि पेल्याच्या तळाशी गाळ बसतो.